ऑफर लेटरमधल्या ईसॉपचा हिशेब

"स्टार्टअपची ऑफर आली की पगारावर घासाघीस करत बसू नका, ईसॉप मागा. चाळीस लाखांचे ईसॉप म्हणजे वर्षाला दहा लाखांची पगारवाढच. जॉइन होऊन वर्ष झालं की वेस्टिंग सुरू, आणि एकदा वेस्ट झाले की ते तुमचे. नोकरी सोडली तरी कुणी काढून घेऊ शकत नाही. टॅक्स लागतो तो विकल्यावर, तोही फक्त साडेबारा टक्के. पगारावर तीस टक्के भरणाऱ्यांनो, विचार करा!"

हा मजकूर लिंक्डइनवरून निघून आता कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. लिहिणाऱ्याला ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घ्यायचे हक्क, मिळाले असतीलही, पण पदरचे पैसे भरून ते शेअरमध्ये बदलून घ्यायची वेळ त्याच्यावर अजून आलेली दिसत नाही. पेरोल आणि ईसॉपचे हिशेब हे माझं रोजचं काम आहे, म्हणून एकच उदाहरण घेतो आणि ते शेवटपर्यंत चालवतो. आकडे मी बेतलेले आहेत, रचना मात्र नेहमी दिसते तीच. सगळे नियम भारतातले आणि शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे आहेत.

समजा, पुण्यात बाणेरला ऑफिस असलेली एक सॉफ्टवेअर कंपनी आहे. एका मुलीला तिथून ऑफर आली: पगार वर्षाला २८ लाख, आणि खाली एक ओळ, "ईसॉप: ₹४०,००,०००, चार वर्षांत वेस्टिंग, संचालक मंडळाच्या मंजुरीच्या अधीन."

वेस्टिंग म्हणजे हे हक्क, ज्यांना ऑप्शन म्हणतात, ते टप्प्याटप्प्याने तुमचे होणं. या ओळीत रुपये आहेत, ऑप्शन किती ते नाही. तिने एचआरला विचारलं तेव्हा उत्तर आलं: ४,००० ऑप्शन, एका शेअरची किंमत ₹१,००० धरून. ही हजाराची किंमत कुठून आली? मागच्या फेरीत गुंतवणूकदारांनी त्या भावाने पैसे घातले म्हणून. पण त्यांनी घेतलेले शेअर वेगळे असतात. ते बहुतेक वेळा सक्तीने रूपांतरित होणारे प्रेफरन्स शेअर, म्हणजे सीसीपीएस, आणि कंपनी विकली किंवा बुडाली तर आधी आपले पैसे काढून घ्यायचा हक्क त्यांच्यासोबत येतो. कर्मचाऱ्याला मिळतो तो साधा इक्विटी शेअर. त्याला तो हक्क नाही, म्हणून त्याची किंमतही प्रेफरन्स शेअरइतकी धरता येत नाही.

पुढचा प्रश्न: ४,००० कितीपैकी? कंपनीचे सगळे शेअर, रूपांतर व्हायचे प्रेफरन्स शेअर आणि ईसॉपसाठी राखलेला साठा मिळून जी संख्या होते तिला 'फुली डायल्युटेड' म्हणतात. इथे ती १० लाख आहे, म्हणजे हिचा वाटा ०.४ टक्के आणि कंपनीचं मूल्यांकन १०० कोटी. हीच संख्या १ कोटी असती तर ४,००० म्हणजे ०.०४ टक्के झाले असते. नुसत्या ऑप्शनच्या संख्येवर खूश होणाऱ्यांना हा छेदच माहीत नसतो.

तिसरी गोष्ट एक्सरसाइज प्राइस, म्हणजे एक ऑप्शन शेअरमध्ये बदलायला कंपनीला किती रुपये द्यायचे. आपल्याकडे बऱ्याच स्टार्टअपमध्ये ती शेअरच्या दर्शनी किमतीइतकी, १ किंवा १० रुपये असते. काही ठिकाणी मात्र ती त्या दिवशीच्या मूल्यांकनाला बांधलेली असते. या कंपनीत ती ₹१० आहे. ती जर ₹१,००० असती, तर ऑफर लेटरमधल्या त्या चाळीस लाखांची आजची किंमत शून्य झाली असती. हजाराची वस्तू हजाराला घ्यायचा हक्क, एवढाच त्याचा अर्थ. तरीही ऑफर लेटरमध्ये "₹४०,००,०००" असंच छापलं असतं, आणि त्यात कुणी खोटं बोललं असंही झालं नसतं.

आणि कंपनी विकली गेली तर? समजा, पुढच्या काही वर्षांत या कंपनीने गुंतवणूकदारांकडून एकूण ८० कोटी उचलले आणि अखेर ती ७० कोटींना विकली गेली. प्रत्येक गुंतवणूकदाराला किमान घातलेले पैसे आधी परत, अशी अट असेल, आणि ती बहुधा असते, तर ७० च्या ७० कोटी तिकडेच संपतात. हिचे ०.४ टक्के ७० कोटींवर लागत नाहीत, उरलेल्या शून्यावर लागतात. अमेरिकेत गुड टेक्नॉलॉजी नावाच्या कंपनीचं मूल्यांकन एके काळी एक अब्ज डॉलरच्या वर गेलं होतं. २०१५ मध्ये ब्लॅकबेरीने ती ४२.५ कोटी डॉलरना घेतली. प्रेफरन्सवाल्यांना शेअरमागे काही डॉलर मिळाले, कर्मचाऱ्यांच्या साध्या शेअरला ४४ सेंट. त्यातल्या काहींनी त्याआधीच चढ्या किमतीवर कर भरलेला होता.

तेव्हा भागिले चार करून वर्षाचे दहा लाख काढणं हे गणित म्हणून बरोबर, पण पगार म्हणून चूक. ऑप्शन शेअरमध्ये बदलेपर्यंत तुम्ही भागधारकच नसता. लाभांश नाही, मत नाही.

आता वेस्टिंग. कंपनी कायद्याखालचा २०१४ चा नियम सांगतो की ऑप्शन दिल्याची तारीख आणि पहिलं वेस्टिंग यांत किमान एक वर्ष गेलंच पाहिजे. हे वर्ष जॉइन झाल्यापासून मोजत नाहीत, ग्रँटच्या तारखेपासून मोजतात. 'मंडळाच्या मंजुरीच्या अधीन' हे शब्द इथे चावतात. कंपनी प्रत्येक नव्या माणसासाठी संचालक मंडळाची बैठक घेत नाही. सहा-आठ जणांचे ग्रँट साठले की एकदम मंजूर होतात. आपल्या मुलीला ग्रँट लेटर जॉइन झाल्यानंतर पाच महिन्यांनी हातात पडलं.

तिच्या योजनेत पहिलं वर्ष संपल्यावर २५ टक्के आणि मग दर तीन महिन्यांनी सव्वासहा टक्के असं वेस्टिंग आहे. ती नोकरीत ३१ महिने राहिली आणि सोडून गेली. जॉइन झाल्यापासून मोजलं तर ६२.५ टक्के, म्हणजे २,५०० ऑप्शन व्हायला हवे होते. ग्रँटपासून २६ महिनेच झालेत, म्हणून वेस्ट झाले ५० टक्के, २,०००. त्या पाच महिन्यांच्या उशिरात ५०० ऑप्शन गेले. ऑफर लेटरच्या भावाने पाच लाख. काही कंपन्या हे भरून काढतात: पहिलं वर्ष कायद्याप्रमाणे ग्रँटपासून मोजतात, पण ते पूर्ण झालं की मागच्या महिन्यांचा वाटाही देऊन टाकतात. तसं ग्रँट लेटरमध्ये लिहिलेलं असावं लागतं, तोंडी नव्हे. वेळापत्रकही पाहून घ्यावं. चार वर्षं म्हणजे दरवर्षी पाव, असं गृहीत धरू नये. १०, २०, ३०, ४० टक्के अशी चढती रचनाही चालते, आणि त्यात दोन वर्षांनी जाणाऱ्याच्या हातात तीसच टक्के येतात.

वेस्ट झालेलं कुणी काढून घेऊ शकत नाही, हे वाचून मला हसू आलं. नोकरी सोडली की न वेस्ट झालेले ऑप्शन त्याच दिवशी संपतात, हे नियमातच आहे. वेस्ट झालेले किती दिवसांत एक्सरसाइज करायचे, हे मात्र नियमाने कंपनीच्या योजनेवर सोडलंय. कुठे ३० दिवस, कुठे ९०, आणि काही बऱ्या कंपन्यांत काही वर्षं किंवा कंपनी बाजारात येईपर्यंत. मुदत टळली की ऑप्शन रद्द होऊन साठ्यात परत जातात. गैरवर्तनाचं कारण देऊन काढलेल्या माणसाचे वेस्ट झालेलेही जातात, असं कलम बहुतेक योजनांत असतं. गैरवर्तन कशाला म्हणायचं ते त्या कलमातच पाहावं. नोटीस पीरियड पूर्ण न करणं किंवा प्रतिस्पर्धी कंपनीत जाणं हेही कधीकधी त्यात घुसवलेलं असतं. (उलट एक चांगली गोष्ट या मजकुरात नाही: कर्मचाऱ्याचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर दिलेले सगळे ऑप्शन, वेस्ट झालेले आणि न झालेले, वारसांकडे जातात. नॉमिनी नोंदवून ठेवा.)

आपल्या मुलीच्या योजनेत ९० दिवस आहेत. आणि खरा कर इथे सुरू होतो.

ऑप्शन दिले तेव्हा कर नाही, वेस्ट झाले तेव्हाही नाही. एक्सरसाइज करून शेअर नावावर आले की त्या दिवशीचं शेअरचं मूल्य वजा तुम्ही भरलेली किंमत, एवढा फरक तुमच्या पगाराचा भाग धरला जातो. शेअर विकलेला नसतो, हातात एक रुपया आलेला नसतो, तरी तो पगार. बाजारात नसलेल्या कंपनीचं हे मूल्य सेबीकडे नोंदलेला मर्चंट बँकर ठरवतो. त्याचा अहवाल एक्सरसाइजच्या दिवशीचा किंवा त्याआधीच्या १८० दिवसांतला लागतो. कंपनी त्यावर पगारासारखाच टीडीएस कापते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा आला, कलमांचे क्रमांक बदलले, पण हे तत्त्व तसंच आहे.

दरम्यान कंपनीने आणखी एक फेरी उचललीय आणि मर्चंट बँकरने साध्या शेअरचं मूल्य ₹१,५०० काढलंय. २,००० ऑप्शनसाठी ती कंपनीला देणार दहाच्या दराने ₹२०,०००. फरक शेअरमागे ₹१,४९०, एकूण ₹२९,८०,०००. हे तिच्या उत्पन्नात पगार म्हणून चढतात.

तिचा त्या वर्षाचा पगार दोन्ही नोकऱ्या मिळून २८ लाखच धरू. नव्या करप्रणालीत, २०२५-२६ च्या दरांनी, ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन तिचा कर सेससकट ₹४,१३,४०० होतो. ईसॉपचे २९.८ लाख मिळवले की करपात्र उत्पन्न ५७ लाखांवर जातं. २४ लाखांपुढचं सगळं ३० टक्क्यांत येतं, आणि ५० लाख ओलांडल्यामुळे एकूण करावर १० टक्के अधिभार बसतो, तिच्या नेहमीच्या पगारावरच्या करावरसुद्धा. नवा कर ₹१४,७७,४७६. म्हणजे ईसॉपपायी वाढलेला कर ₹१०,६४,०७६.

एक्सरसाइजचे २० हजार धरून १० लाख ८४ हजार रुपये. ती नोकरी सोडून गेलीय, त्यामुळे कापून घ्यायला कंपनीकडे तिचा पगार नाही. कंपनी टीडीएसची रक्कम आधी खात्यात भरा, मग शेअर देतो, असं सांगते. टीडीएसमध्ये कमी पडेल ते विवरणपत्र भरताना द्यावं लागतं. ९० दिवसांत एवढे पैसे उभे करायचे, आणि त्या बदल्यात मिळणार असे शेअर जे आज कुठेच विकता येत नाहीत. जमलं नाही तर २,००० ऑप्शन गेले. अडीच-तीन वर्षं काम करून हातात काही न घेता निघालेली माणसं मी याच टप्प्यावर पाहिली आहेत. कंपनी त्यांना फसवत नव्हती. त्यांनी योजनेचा कागद वाचला नव्हता आणि कुणी वाचून दाखवला नव्हता.

एक्सरसाइज प्राइस दहा रुपये असणं म्हणजे स्वस्तात मिळाले, असं वाटतं. करासाठी तोच फरक मोठा करतो. त्याची दुसरी बाजूही खरी आहे: किंमत जास्त असती तर कर कमी, पण कंपनीला द्यायचे पैसे जास्त.

मग साडेबारा टक्के कुठून आले? एक्सरसाइजनंतर जी वाढ होते, तिच्यापुरते ते बरोबर आहेत. ज्या ₹१,५०० वर कर भरला, तीच आता शेअरची खरेदी किंमत धरतात. बाजारात नसलेला शेअर नावावर आल्यापासून २४ महिन्यांहून जास्त ठेवला तर पुढचा नफा दीर्घकालीन, त्यावर १२.५ टक्के आणि सेस. त्याआधी विकला तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. तीन वर्षांनी तिने शेअर ₹२,५०० ला विकले, तर नफा २० लाख आणि कर अडीच लाख, वर सेस. पण पहिल्या २९.८ लाखांवर तीस टक्क्यांच्या वरचा कर तिने आधीच भरलेला असतो.

बहुतेक लोकांच्या बाबतीत तर साडेबारा टक्के येतच नाहीत. ते ऑप्शन तसेच धरून ठेवतात, कंपनी विकली गेली की त्याच दिवशी एक्सरसाइज करतात आणि त्याच दिवशी विकतात. मग सगळाच फरक पगार. कंपनी ऑप्शन रद्द करून त्याचे रोख पैसे देते तेव्हाही ती सहसा पगार म्हणूनच टीडीएस कापते. यात वाईट काही नाही, हातात पैसे आल्यावर कर जातो. पण तो तीस टक्क्यांचा.

उलट घडलं तर काय? समजा, तिने पैसे भरले, शेअर घेतले आणि तीन वर्षांनी कंपनीची उतरती कळा लागून कुणी तरी ₹४०० भाव दिला. हातात आले ८ लाख. खर्च झाले होते १०.८४ लाख. कायद्याच्या नजरेत तिला २२ लाखांचा भांडवली तोटा झाला, कारण खरेदी किंमत ₹१,५०० धरलेली आहे. हा तोटा पगारातून वजा होत नाही. दीर्घकालीन तोटा दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच वळता होतो आणि आठ वर्षं पुढे नेता येतो. शेअर किंवा जमीन विकून तसा नफा झालाच नाही, तर तो कागदावर राहून संपतो. भरलेला आयकर परत मिळत नाही.

या ठिकाणी कुणी तरी सांगतंच की स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना कर पुढे ढकलता येतो. येतो, २०२० च्या अर्थसंकल्पापासून. एक्सरसाइजचं आर्थिक वर्ष संपल्यानंतर पाच वर्षं, किंवा शेअर विकले तो दिवस, किंवा नोकरी सोडली तो दिवस, यांतलं जे आधी येईल त्यानंतर १४ दिवसांत कर भरायचा. दोन अडचणी आहेत. सरकारची 'स्टार्टअप' म्हणून मान्यता असलेल्या कंपन्या लाखाच्या वर आहेत, पण ही सवलत त्यांतल्या फक्त आंतरमंत्रालयीन मंडळाचं, म्हणजे जुन्या कायद्यातल्या कलम ८०-आयएसीखालचं, प्रमाणपत्र असलेल्यांना मिळते, आणि अशा काही हजारच आहेत. दुसरं, नोकरी सोडली की सवलत संपते. आपल्या मुलीच्या काही उपयोगाची नाही. शिवाय पुढे ढकलला तरी आकडा बदलत नाही. शेअर मिळाले त्या वर्षीच्या मूल्यावरच कर बसतो, मधल्या काळात शेअर मातीमोल झाला तरी.

म्हणून ईसॉप नकोतच, असं मी म्हणत नाही. वॉलमार्टने २०१८ मध्ये फ्लिपकार्ट घेतली, झोमॅटो २०२१ मध्ये आणि स्विगी २०२४ मध्ये बाजारात आली, त्या वेळी कर्मचाऱ्यांच्या हातात खरे पैसे आले. पण २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरचं मूल्यांकन मिरवणारी बायजूज २०२४ च्या जुलैत दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तिथेही लोकांकडे ईसॉप होतेच. ऑफरवर सही करायच्या दिवशी तुमची कंपनी यांतली कुठली निघणार हे कळत नाही, म्हणून पगार असा ठरवा की ईसॉप शून्य झाले तरी नोकरी परवडली पाहिजे.

आणि घासाघीस ईसॉपवरही करता येते, फक्त ती संख्येवर करून फार हाती लागत नाही. ४,००० चे ५,००० करून घेण्यापेक्षा ९० दिवसांची मुदत पाच वर्षं करून घेणं या मुलीला कितीतरी जास्त उपयोगी पडलं असतं. तिला नोकरी सोडताना दहा लाख उभे करावे लागले नसते. एकट्यासाठी कंपनी योजना बदलणार नाही, पण मंडळाला मुदत वाढवायचा अधिकार योजनेत बहुधा असतो, आणि तो वापरू असं ग्रँट लेटरमध्ये लिहून मिळू शकतं. तसंच वेस्टिंगची मोजणी जॉइन झाल्यापासून, आणि कंपनी विकली गेली तर न वेस्ट झालेल्यांचं काय, या दोन गोष्टीही आधीच लेखी मागता येतात.

एचआरला मेल पाठवायचा तर एवढं पुरे: "मला देऊ केलेल्या ऑप्शनची संख्या, फुली डायल्युटेड शेअरची एकूण संख्या, एक्सरसाइज प्राइस आणि मर्चंट बँकरचं शेवटचं मूल्यांकन कळवाल का? ईसॉप योजनेची प्रत आणि ग्रँट लेटरचा नमुनाही पाहायला आवडेल. कंपनीकडे कर पुढे ढकलण्यासाठी लागणारं आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र आहे का?" चांगल्या कंपनीत हे दोन दिवसांत येतं. "योजना जॉइन झाल्यावर दाखवतो" असं उत्तर आलं, तर तुमच्या ऑफरमधली ती ओळ शून्य धरून पगाराचं बोलणं पुन्हा सुरू करा.

एचआरने दिलेले आकडे ताडूनही पाहता येतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नाममात्र फी भरली की कंपनीने दाखल केलेली कागदपत्रं उघडतात. नवे शेअर दिले की भरावा लागणारा पीएएस-३ हा फॉर्म त्यात असतो; मागच्या फेरीत किती प्रेफरन्स शेअर कुठल्या भावाने दिले, ते त्यात लिहिलेलं असतं. वार्षिक विवरणपत्रात एकूण शेअर किती ते सापडतं. ईसॉपचा साठा यात मोजलेला नसतो, तेवढा वेगळा विचारून मिळवायचा. एचआर म्हणतं १० लाख, आणि कागदावर आधीच १४ लाख शेअर दिसतात, तर हिचा वाटा ०.४ टक्के उरत नाही, ०.२९ च्याही खाली जातो, आणि हे कसं, ते सही करण्याआधी विचारायचं असतं.